दहाच्या जुड्या

सन दोन हजार अकरा. मी सहासष्ट वर्षांचा होतो आणि कामावरून उतरून मला वर्ष झालं होतं. उतरलो असं मी म्हणतो. घरचे म्हणत, उतरवलं. गुडघे साथ देईनात, तिसऱ्या माळ्यावर चढून सळया बांधणं होईना. ठेकेदारानं दोनदा मला खालूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही.

माझं काम लोखंड बांधायचं. रायपुरात त्याला सरिया म्हणतात, आमच्या भंडाऱ्याकडे सळई. स्लॅब ओतायच्या आधी सळयांची जाळी अंथरतात, आणि जिथं सळई सळईला ओलांडते तिथं मऊ काळ्या तारेनं गाठ मारतात. तार दुहेरी घ्यायची, खालून घालायची, लोखंडी आकड्यात अडकवून पीळ द्यायचा. पीळ कमी पडला तर जाळी सरकते, जास्त झाला तर तार तुटते. त्या दोन्हींच्या मधे कुठं थांबायचं हे हाताला कळतं, सांगता येत नाही. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली आणि जिकडे तिकडे इमारती उठल्या, तेव्हा आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. शंकर नगरच्या कितीतरी इमारतींच्या पोटात माझ्या गाठी आहेत. त्यातली एकही सुटली नाही, हे मी त्या काळी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. अजूनही सांगतो.

शिक्षण माझं तिसरीपर्यंत. तिसरीही पुरी नाही. पण मला कोणी अडाणी म्हटलेलं चालत नाही.

घरात मुलगा, सून आणि दोन नाती. मुलगा सिलतऱ्याला लोखंडाच्या प्लांटात, आठवड्याला पाळी बदलायची, त्यामुळे तो घरी असला तरी झोपलेलाच. मोठी नात पाचवीत, आमच्याच पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सरकारी शाळेत. धाकटी दीड वर्षाची, नुकतीच चालायला लागलेली आणि त्यामुळे कुणालाच बसू न देणारी. सुनेला शंकर नगरात एका शिवणकामाच्या कारखान्यात काम मिळत होतं. मशीन तिला उत्तम चालवता येई. पण धाकटीला कोण पाहणार? त्या दोघा नवरा-बायकोत ठरलं होतं की मोठीची पाचवी झाली की तिनं घरी राहायचं आणि बहिणीला सांभाळायचं. एखादं वर्ष, मग पाहू. मला हे कोणी विचारलं नव्हतं, पण घर दोन खोल्यांचं, ऐकू येतं.

मी सुनेला म्हटलं, "पोट्टी शाळा सोडनार नाई."

ती भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मामाजी, तिले वजाबाकी तरी येते का? सहावीच्या शाळेत पोट्ट्या हसतीन तिच्यावर. दोन महिन्यांत स्वतःच घरी येऊन बसन. त्यापेक्षा मी कामावर तरी लागते."

"तिले तेरापर्यंत पाढे येतात. मी शिकवले."

"पाढे येतात न. म्हनूनच तर समजत नाई बाकीचं काहून येत नाई."

मी म्हटलं, "येईल." सून म्हणाली, "आलं तर जाऊ दे सहावीत. मी कुठं नाई म्हनते?" तेवढ्यावर ते राहिलं.

दिवाळीच्या सुट्या संपल्या आणि शाळेत एक परीक्षा झाली. परीक्षा म्हणजे नेहमीसारखी नाही. नवीन मॅडम आल्या होत्या, शिक्षाकर्मी, म्हणजे कंत्राटी शिक्षिका, वयानं माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी तिसरी, चौथी आणि पाचवीच्या मुलांना एकेकाला खिडकीजवळ बोलावलं. आधी आकड्यांच्या चिठ्ठ्या दाखवल्या, एक आकडी, मग दोन आकडी, मग तीन. मग काही हिशोब कागदावर करायला दिले, बेरीज, वजाबाकी, भागाकार. पास-नापास काही नाही, नंबर नाही. कोण कुठपर्यंत येतो आणि कुठं थांबतो, एवढंच त्यांनी लिहून घेतलं. आणि पुढच्या सोमवारपासून, प्रार्थना झाली की पहिला एक तास, वर्ग मोडून मुलांना तीन दऱ्यांवर, म्हणजे सतरंज्यांवर, बसवायला लागल्या.

पहिल्या दरीवर ज्यांना दोन आकडी संख्या ओळखताच येत नव्हत्या ते. तिसऱ्या दरीवर ज्यांना वजाबाकी येत होती आणि भागाकार शिकायचा होता ते. मधल्या दरीवर ज्यांना संख्या वाचता येत होत्या, पण दशक-एकक म्हणजे काय ते धड नव्हतं, म्हणून वजाबाकीत अडकत होते ते. आमची पाचवीतली, घरातली मोठी, उंचीनं मॅडमच्या खांद्याला लागणारी पोरगी मधल्या दरीवर बसली. तिच्या एका बाजूला तिसरीतला पोट्टा, दुसऱ्या बाजूला तिसरीतली पोट्टी.

त्या संध्याकाळी ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आमची नात मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदीत. म्हणाली, "आबाजी, मैं कल से नहीं जाऊँगी. छोटे बच्चों में बैठाते हैं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. धुतलेलं धोतर नेसून गेलो, भांडायला जाताना मी नेहमीच धुतलेलं नेसतो. मॅडम व्हरांड्यात होत्या. मी म्हटलं, "पाचवीतल्या पोरीले तिसरीत बसवलं तुम्ही. मागं ढकललं. असं कोन्त्या कायद्यात आहे?"

त्या चिडल्या नाहीत. मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाबूजी, कक्षा देखके नहीं बैठाया. कौन कहाँ अटका है, वो देखके बैठाया." मग तिचा कागद आणला. बावन्नातून सत्तावीस काढायचे होते. तिनं पस्तीस लिहिले होते. एकसष्टातून चोवीस, तिनं त्रेचाळीस लिहिले होते. सत्तरातून छत्तीस, शेहेचाळीस.

"तिन्ही चूक," मी म्हटलं. पंचवीस, सदतीस, चौतीस, हे मी तोंडी सांगू शकत होतो.

"हाँ, पर देखिए, तीनों एक ही तरह से गलत हैं." मॅडमनं बोट ठेवून दाखवलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून हिनं सातातूनच दोन काढले. एकातून चार जात नाहीत, म्हणून चारातून एक. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहा तसेच खाली उतरवले. वर काय, खाली काय, हे न पाहता मोठ्यातून लहान काढत गेली. "ती निष्काळजी नाही," त्या हिंदीतच म्हणाल्या, "ती नियमानं चालते आहे, नियमच तिनं स्वतः बनवलेला आहे. कारण दशकातला एक मोडला की त्यातून दहा सुटे निघतात, हे तिला दिसलेलं नाही. भागाकार आता शिकवला तर वरून रंग दिल्यासारखं होईल."

तो रंगाचा शब्द मला पटला. कच्च्या भिंतीवर रंग देणारे मी पाहिले आहेत. पण पटलं असं मी म्हटलं नाही. मी विचारलं, "अन् ही वरच्या दरीवर कधी जाईन?"

त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. मोठ्या कागदावर चौकटी आखल्या होत्या. आडव्या ओळीत एकेक मूल, उभ्या रकान्यात एकेक गोष्ट: संख्या ओळखणं, दशक-एकक, हातच्याची बेरीज, दशक मोडून वजाबाकी, भागाकार. मुलांच्या ओळींपुढे टिकल्या चिकटवल्या होत्या, बायका कपाळाला लावतात त्याच, प्रत्येकाला वेगळी. नातीची मोरपंखी होती. दर शनिवारी पाच उदाहरणं द्यायची, त्यातली दोन-तीन त्या आठवड्याची, बाकी मागची. लागोपाठ दोन शनिवारी पाचातली चार बरोबर आली की टिकली पुढच्या रकान्यात सरकायची, आणि रकाना बदलला की गरज असेल तर दरीही. बारा आठवड्यांची योजना होती. मधे एकदा सगळ्यांची पहिल्यासारखी परीक्षा, शेवटी पुन्हा एकदा.

"मतलब इथं कोनी कायमचं बसत नाई," मी म्हटलं.

"नहीं बाबूजी. दरी है, घर थोड़ी है."

मी घरी येऊन नातीला सांगितलं, "जा उद्या. तुले थोडे दिवसच बसायचं आहे तिथं." मॅडम चांगल्या आहेत असं मी सांगितलं नाही. ते तिनं स्वतःच ठरवलं असावं, कारण ती गेली.

शाळेत पालकांची समिती असते. मुलगा पाळीवर, सून घरात, म्हणून त्या समितीत मी. पुढच्याच बैठकीत मॅडम म्हणाल्या की दशक शिकवायला काड्यांच्या जुड्या लागतात. दहा काड्या बांधल्या की एक जुडी, बाकीच्या सुट्या. मुलांनी दोऱ्यानं बांधलेल्या जुड्यांचा एक डबा होता, पण तीन दऱ्यांना तो पुरत नव्हता. आणि त्या जुड्या सारख्या सुटत, काड्या हरवत. कोणी आणखी बनवून देईल का?

बाकीचे एकमेकांकडे पाहत होते. मी म्हटलं, "माझ्याकडे लागलं."

हे काम मला कोणीतरी दिलं, वर्षभरानंतर. मी खराट्याच्या काड्या आणल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, एका मापाच्या कापल्या. पेटीतून माझा आकडा काढला. त्याला गंज चढला होता, तो घासला. घरात काळी तार पडलेली होतीच. अंगणात पाय पसरून बसलो आणि दहा-दहा मोजून बांधत गेलो. दुहेरी तार, दोन वेढे, आकड्यानं पीळ. पोरांच्या बोटांना टोचू नये म्हणून तारेची टोकं पकडीनं आत दाबून टाकली, वरून हात फिरवला तरी लागू नये. सून पाणी भरायला बाहेर आली, उभी राहून पाहत म्हणाली, "मामाजी, स्लॅब टाकता का काय शाळेत?"

"तुले काय समजते? एकबी काडी हरपली तर सांग."

नात शेजारी बसली होती. एक जुडी उचलून तिनं जमिनीवर आपटली. काडी हलली नाही. तिनं पुन्हा आपटली, मग माझ्याकडे पाहून हसली. धाकटीच्या हातात दिली, धाकटीनं चावली, ओढली, फेकली. जुडी तशीच. मी म्हटलं, "हे काम आहे." त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

डबा नातीनंच शाळेत नेला. तो तिनं आपल्या दरीवर ठेवला, दुसरीकडे जाऊ दिला नाही. जुना दोऱ्यांचा डबा तिसऱ्या दरीकडे गेला.

पहिले आठवडे छान गेले. दशक-एककाचं झालं, हातच्याची बेरीज झाली. सत्तावीस आणि पंधरा: सुट्या काड्या बारा होतात, त्यातल्या दहा डब्यात टाकायच्या आणि तयार जुडी उचलायची. मोरपंखी टिकली दोन रकाने सरकली. मी दर शनिवारी दुपारी शाळेवरून जायचो, उगाच, आणि खिडकीतून तक्ता पाहायचो. घरी येऊन सुनेला ऐकू जाईल असं नातीला म्हणायचो, "सरकून राहिली टिकली."

मग दशक मोडून वजाबाकीचा रकाना आला आणि टिकली थांबली.

एक शनिवार गेला, दुसरा गेला. मधल्या परीक्षेत ती होती तिथंच. मी पाहिलं तर ती एकटी नव्हती. तिच्या दरीवरच्या सगळ्या टिकल्या त्या रकान्याच्या अलीकडे दाटीनं उभ्या होत्या, पाऊस आला की लोक दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहतात तशा. फक्त दोन पोरं पुढे गेली होती. त्यांना मॅडमनं आधीपासूनच तिसऱ्या दरीजवळ बसवलं होतं, मधल्या दरीवर जागा पुरत नाही म्हणून.

घरी सुनेनं शिवणकाम कारखान्याच्या बाईला निरोप पाठवला की उन्हाळ्यापासून येते. निरोप माझ्यासमोर पाठवला. तिचा राग नव्हता त्यात. ती वाट पाहून थकली होती.

तिसऱ्या शनिवारीही टिकली हलली नाही, तेव्हा मी पुन्हा धुतलेलं नेसून गेलो. सुटी होत आली होती. मी म्हटलं, "मॅडम, तुमी म्हनता हे घर नाही, दरी आहे. मंग ही उठून काहून नाई राहिली? तुमी पहिल्या दरीवरच बसता. मधल्या दरीकडे कोन पाहते?"

हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला, कारण खरं होतं. त्या म्हणाल्या, पहिल्या दरीवरची मुलं सगळ्यात मागे, त्यांना हात धरून शिकवावं लागतं. मधल्यांना रीत दाखवून काड्या देऊन ठेवते आणि शनिवारचे कागद तपासते. कागदावर उत्तर दिसतं, ते कसं काढलं ते दिसत नाही. मग त्यांनी नातीला हाक मारली. "चल बेटा, मेरे सामने करके दिखा. बाबूजी भी देखेंगे."

ती डबा घेऊन आली. मॅडमनं पाटीवर लिहिलं, बावन्न वजा सत्तावीस. पहिल्या दिवशीचंच.

तिनं पाच जुड्या मांडल्या, शेजारी दोन सुट्या काड्या. बरोबर होतं. मॅडम म्हणाल्या, "अब सात दे मुझे." तिच्यापुढे सुट्या दोनच. मग तिनं एक जुडी उचलली, तारेच्या कडेला नख घातलं, पुन्हा दुसऱ्या बाजूनं घातलं. दातांकडे नेली, आणि माझ्याकडे पाहून खाली ठेवली. ती जुडी तिनं डब्यात टाकली आणि डब्यातून मूठभर सुट्या काड्या काढल्या. किती काढल्या हे तिनं मोजलं नाही. त्यातून सात मॅडमना दिल्या, उरलेल्यांकडे पाहिलं, त्या जमेनात. मग सगळं बाजूला सारून तिनं पाटी घेतली आणि लिहिलं, पस्तीस.

मॅडमनं डब्यातली ती जुडी उचलून स्वतः सोडवून पाहिली. त्यांनाही सुटली नाही. त्यांनी आधी जुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. त्या शिकलेल्या बाईनं मला लाजवायचं टाळलं, हे मला दिसलं.

त्यांनी नातीला विचारलं, "बेटा, इसके अंदर कितनी तीली हैं?"

"दस," ती म्हणाली. पाठ होतं.

"तूने गिनी हैं?"

तिनं मान हलवली, नाही.

"खोलके क्यों नहीं देखी? मैंने तो खोलके दिखाया था."

"आपकी धागे वाली थी." मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ये नहीं खुलती. आबाजी की गाँठ है. मैंने सबको बोला है, कोई तोड़ेगा नहीं."

तीन आठवडे त्या दरीवरच्या साऱ्या पोरांनी माझ्या गाठींपुढे नखं झिजवली होती, आणि ज्यांनी तार तोडायला दगड आणला त्यांना माझ्या नातीनं रागावून बसवलं होतं. दहा काड्या मी मोजून बांधल्या होत्या, म्हणून त्यात दहा आहेत हे मला ठाऊक. तिनं कुठं मोजल्या? तिच्यासाठी ती एक वस्तू होती, विटेसारखी. वीट मोडून दहा कशा काढणार?

मॅडम म्हणाल्या, "गलती मेरी है, बाबूजी. मला पहिल्याच आठवड्यात पाहायला हवं होतं. पुढे गेलेली ती दोन मुलं दोऱ्याच्या डब्यातून घेत होती. तक्त्यावर दिसत होतं, मी मुलांकडे पाहत राहिले, डब्याकडे पाहिलं नाही."

मी म्हटलं, "गाठीत चूक नाई. गाठ चांगलीच आहे."

"गाँठ तो बहुत बढ़िया है," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. मलाही आलं असतं, पण मी आवरलं. मी डबा उचलला आणि घरी आणला.

पुढचं रविवारचं काम. पकडीनं एकेक तार कापली. बांधायला लागला होता त्यापेक्षा जास्त वेळ कापायला लागला, कारण टोकं मीच आत दाबली होती. शेजारच्या सायकलवाल्याकडून फाटकी ट्यूब आणली आणि तिच्या बारीक चकत्या कापल्या. ताणली की चढते, ओढली की निघते. नात समोर बसली होती. मी काड्यांचा ढीग तिच्यापुढे सारला आणि म्हटलं, "तू बांध. मोजून."

"आप नहीं बाँधोगे?"

"माझी सुटत नाई," मी म्हटलं. "तुले सुटनारी पाहिजे."

तिनं मोजून बांधल्या. पहिली जुडी बांधून लगेच सोडली, पुन्हा मोजल्या, पुन्हा बांधल्या. दर खेपेला दहाच निघत होत्या आणि दर खेपेला तिला थोडं नवल वाटत असावं, कारण ती थांबायला तयार नव्हती. संध्याकाळपर्यंत तिनं डबाभर जुड्या केल्या. एक-दोनदा मला सांगावंसं वाटलं की दहा मोडले, दोन मिळवले, बारा झाले. मॅडमनं बजावलं होतं की घरी कोणी शिकवायचं नाही, दोन रीती डोक्यात घुसल्या की दोन्ही जातात. मी तंबाखू मळत बसलो. गप्प बसण्याइतकं कठीण काम मी सहा मजली इमारतीवरही केलेलं नाही.

मॅडमनंही आपली बसण्याची जागा बदलली. रोज एकेका दरीवर, आणि वजाबाकी करताना मूल काय करतं ते आधी पाहायचं, उत्तर नंतर. काड्यांवर जमलं की काड्यांची चित्रं काढून, चित्रं जमली की नुसते आकडे. पुढच्या शनिवारी नातीची पाचातली तीन बरोबर आली. त्याच्या पुढच्या शनिवारी चार, मग पुन्हा चार. पत्र्याखाली दाटलेल्या टिकल्या एकेक करून बाहेर पडल्या. कोणाची लवकर, कोणाची उशिरा, एक तिथंच राहिली. त्या पोराला मॅडमनं वेगळा वेळ दिला.

फेब्रुवारीत शेवटची परीक्षा झाली, पहिल्यासारखीच, खिडकीजवळ एकेकानं. संध्याकाळी मॅडम स्वतः घरी आल्या. सुनेनं चहा ठेवला. मॅडमनं पहिला कागद आणि आताचा कागद शेजारी ठेवले. वजाबाकी सगळी बरोबर, शून्यातून काढायचीसुद्धा. भागाकार मात्र नाही. एक जमला होता, दोन चुकले होते. त्या खरं ते बोलल्या: "तिसऱ्या दरीवर आली, पण उशिरा आली. भागाकाराला वेळ कमी पडला. सहावीत गेली तर थोडी मेहनत लागेल, पण आता पाया आहे, बुडणार नाही."

मॅडम गेल्यावर सून कप विसळत राहिली. नात दाराशी उभी होती. तिथून हलत नव्हती.

सून म्हणाली, "भागाकार नाई आला न."

"वजाबाकी आली," मी म्हटलं. "तू वजाबाकीचंच म्हनलं होतं."

"म्हनलं होतं." तिनं कप पालथा घातला. "मामाजी, मी पोट्टीले घरी बसवायले हौस म्हनून नाई म्हनत. धाकटीले कोनं पाहावं? तुमी सांगा. कोन आहे घरात?"

हा प्रश्न तिनं आधीही विचारला असेल. पण त्या संध्याकाळी मी घरातल्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. मुलगा झोपलेला. सून कामावर जाऊ इच्छिणारी. नात शाळेत. आणि मी, दिवसभर ओट्यावर बसलेला. मी असूनही घरात कोणी नाही असं साऱ्यांनी मानलं होतं, आणि त्यांनी तसं मानावं अशी मीच व्यवस्था केली होती. लेकरू काखेत घेऊन फिरणं हे माझ्या हिशोबात कधी कामच नव्हतं.

मी म्हटलं, "मी आहे न."

सुनेला वाटलं मी रागानं बोललो. म्हणाली, "तुमच्यानं होनार नाई मामाजी. ती धावते. तुमचे गुडघे."

"मी म्हनलं न, मी आहे. तू त्या बाईले सांग उन्हाळ्याची वाट काहून पाहाची. उद्याच जाऊन भेटून ये."

तिनं हात पदराला पुसले. मग नातीला म्हणाली, "काय उभी आहे, अभ्यास कर." नात आत पळाली आणि आतून जुड्या ओतल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून केस विंचरून शंकर नगरला गेली आणि नात शाळेत. मी धाकटीला अंगणात घेऊन बसलो. तिच्यापुढे एक जुडी ठेवली, ट्यूबच्या चकतीची. तिनं ती ओढली, दहा काड्या पसरल्या, आणि ती टाळ्या पिटायला लागली. मी वाकून काड्या गोळा केल्या, मोजल्या, बांधल्या आणि पुन्हा तिच्या हातात दिल्या.